एचडीआर व्हिडिओ लॅपटॉपवरून फिकट, टीव्हीच्या अ‍ॅपमध्ये काळोख: सेटिंग नक्की कुठलं?

पडवीकर

नमस्कार मंडळी. गुहागरला आमचं घरगुती राहण्याजेवणाचं आहे. पाहुण्यांसाठी पडवीत 55 इंची फोर-के टीव्ही लावलाय, एलईडी, मधल्या किमतीतला. खोक्यावर एचडीआर लिहिलेलं आहे.

किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्लं सोडतात तेव्हा एका पाहुण्याने त्याच्या अँड्रॉइड फोनवर फार सुंदर व्हिडिओ काढला होता. पहाटेची वेळ, ओली वाळू, पिल्लं लाटेकडे सरकतायत. त्याच्या फोनवर बघताना डोळे दिपले. मूळ फाइल मागून घेतली आणि लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडून लावली, तर सगळं पेजेच्या निवळीसारखं. वाळू करडी, आकाश करडं, पिल्लांचा काळा रंगही राखाडी. लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनवरही तेच.

दुसरी तक्रार बरोबर उलट. टीव्हीतल्याच ओटीटी अ‍ॅपवर सिनेमा लावला की कोपऱ्यात एचडीआरचा शिक्का येतो आणि चित्र काळोखं होतं. रात्रीचा प्रसंग असला तर पाहुणे विचारतात, "टीव्ही बिघडलाय का?" बातम्या, मॅच, जुनी गाणी मात्र झकास दिसतात.

एकच टीव्ही एकीकडे फिकट आणि दुसरीकडे काळा कसा दाखवतो? दुकानदार म्हणतो पॅनल बदला. त्याआधी इथे विचारतोय.

नानाकाका_राजापूर

आमच्याकडेही एचडी चॅनल पावसात फिकट आणि चौकोनी-चौकोनी दिसतात. डिश जरा वळवली की ठीक होतं. तुमची डिश समुद्राच्या वाऱ्याने हलली असेल, बघून घ्या.

पडवीकर

काका, हे एचडी चॅनलचं नाही. डिशवरचं सगळं चांगलं दिसतं. फोनमधला व्हिडिओ आणि अ‍ॅपमधला सिनेमा, दोन्ही एचडीआर, त्यांचंच दुखणं आहे.

खाडीपल्याड

दाभोळहून. मी केबल आणि पोर्ट आधी बघेन. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत एचडीएमआयच्या पिनांवर हिरवट थर चढतो, माझा एक सेट-टॉप बॉक्स त्यानेच गेला. दुसरं म्हणजे व्होल्टेज. संध्याकाळी आमच्याकडे दिवे मिणमिणतात, तेव्हा टीव्हीही मंद होत असणार.

हापूसवाला

देवगड. माझ्याकडे अस्सा फिकटपणा होता आणि तो गेला, म्हणून खात्रीने सांगतो. ग्राफिक्स कार्डाच्या पॅनलमध्ये `Output dynamic range` म्हणून एक खटका असतो, Limited आणि Full. लॅपटॉप एक पाठवतो आणि टीव्ही दुसरं समजतो, मग काळा राखाडी होतो. दोन्हीकडे सारखं करा, काम झालं. आणि काळोखासाठी टीव्हीचा बॅकलाइट शंभरावर न्या. एवढं लांबवण्यासारखं यात काही नाही.

सुरंगी

मी मूळची वेंगुर्ल्याची, मुंबईत पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये रंगाचं काम करते. पडवीकरदादा, तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोघांचा एकमेकांशी जवळजवळ संबंध नाही. आधी फिकटाचं बघू.

हापूसवाले म्हणतात तो रेंजचा घोळ खरा असतो, पण तो ओळखायची खूण सोपी आहे. त्याच लॅपटॉपवरून, त्याच केबलने एखादा साधा, एचडीआर नसलेला व्हिडिओ लावा. रेंज चुकली असेल तर तोही राखाडी दिसेल, डेस्कटॉपवरची काळी खिडकीसुद्धा राखाडी दिसेल. साधा व्हिडिओ चांगला आणि फक्त एचडीआर फिकट असेल, तर त्या खटक्याला हात लावू नका, नाहीतर चांगलं चाललेलं बिघडेल. तुमच्याकडे तर लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनवरही फिकट आहे, म्हणजे केबल आणि टीव्ही दोन्ही सुटले.

खाडीपल्याड, केबल किंवा गंजलेली पिन यांनी रंग फिका पडत नाही. सिग्नल डिजिटल आहे. तो तुटला की ठिपके चमकतात, पडदा क्षणभर काळा होतो किंवा "सिग्नल नाही" येतं. व्होल्टेजचंही तसंच: बहुतेक टीव्हींचा पुरवठा 100 ते 240 व्होल्टवर चालतो, बल्ब मिणमिणले तरी पडदा मंद होत नाही. अगदीच खाली गेलं तर टीव्ही सरळ बंद पडतो.

आता फाइलमध्ये काय आहे ते बघा. लॅपटॉपवर `ffprobe` असेल तर हे चालवा आणि जे येईल ते इथे टाका.

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=pix_fmt,color_space,color_transfer,color_primaries -of default=nw=1 kasav.mp4
```

पडवीकर

साधा व्हिडिओ लावून बघितला, अगदी चांगला दिसतो. काळाही काळाच आहे. फाइलचं हे आलं:

```
pix_fmt=yuv420p10le
color_space=bt2020nc
color_transfer=smpte2084
color_primaries=bt2020
```

लॅपटॉप विंडोज 11 आहे. प्लेअर मात्र जुना, पूर्वीच्या लॅपटॉपवरून उचलून आणलेला.

सुरंगी

मग उत्तर तिसऱ्या ओळीतच आहे. `smpte2084` म्हणजे पीक्यू, एचडीआरचा उजेड आकड्यांत मांडायची एक पद्धत. फाइल शुद्ध एचडीआर आहे, तिच्यावरच्या खुणाही शाबूत आहेत. प्लेअरला त्या खुणा वाचता येत नाहीत, किंवा वाचून तो काही करत नाही.

साध्या व्हिडिओत सर्वांत वरचा आकडा म्हणजे "तुझा पडदा देईल तेवढा पांढरा". पीक्यूत तसं नसतं. तिथे प्रत्येक आकड्याला ठरलेला उजेड नेमून दिलाय, अगदी 10,000 निट्सपर्यंत. निट हे पडद्याच्या उजेडाचं माप. एचडीआरमध्ये पांढऱ्या कागदासाठी जी शिफारस आहे ती 203 निट्सची, आणि तो कागद सिग्नलच्या साधारण 58 टक्क्यांवर बसतो. 1,000 निट्सची झगझगीत चमक 75 टक्क्यांवर. खाली बघाल तर 1 निट, म्हणजे जवळजवळ काळोख, तोसुद्धा 15 टक्क्यांच्या आसपास.

आता तुमचा जुना प्लेअर हे आकडे जसेच्या तसे साध्या पडद्यावर ओततो. उजेडातली वाळू, जी लख्ख दिसायला हवी, ती 58 टक्क्यांवर म्हणजे करडी. सावली 15 टक्क्यांवर म्हणजे धूसर. वरचा चतुर्थांश रिकामाच. शिवाय रंग मोजले होते बीटी.2020 च्या मोठ्या पट्टीवर आणि वाचले गेले नेहमीच्या लहान पट्टीवर, म्हणून लालही विटका. तुमची सगळी लक्षणं यात बसतात.

उपाय दोन. एक, प्लेअरनेच तो उजेड साध्या पडद्यात बसेल असा दाबून द्यावा, याला टोन मॅपिंग म्हणतात. दोन, लॅपटॉपने एचडीआर जसाच्या तसा टीव्हीला द्यावा आणि दाबायचं काम टीव्हीने करावं. दोघांपैकी एकानेच करायचं. कोणीच केलं नाही तर फिकट.

हापूसवाला

आणि दोघांनी केलं तर?

सुरंगी

तर काळोखं आणि चपटं. प्लेअर दाबून देतो, तरी टीव्हीला वाटतं समोर अजून एचडीआरच आहे, म्हणून तो पुन्हा दाबतो. टीव्ही एचडीआर मोडमध्ये अडकून राहिला असेल तेव्हा हे बघायला मिळतं. प्रश्न बरोबर विचारलात.

केवडा

माझं थोडं वेगळं आहे, पण इथेच विचारते. श्रीवर्धनला भावाने एक डाउनलोड केलेली फाइल दिली. ती माझ्या लॅपटॉपवर फिकट नाही, चक्क हिरवी आणि जांभळी दिसते! माणसांचे चेहरे जांभळे. हेही टोन मॅपिंगच का?

सुरंगी

केवडाताई, नाही. हिरवं-जांभळं ही डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्याच एका प्रकारातल्या प्रोफाइल 5 ची ओळखीची खूण आहे. त्यात रंग वेगळ्याच पद्धतीने साठवलेले असतात आणि मागे साधं एचडीआर10 ठेवलेलं नसतं. ज्या प्लेअरला ते उलगडता येत नाही तो असे रंग दाखवतो. `mpv` या प्लेअरमध्ये `vo=gpu-next` वापरलंत तर बहुधा नीट दिसेल. टीव्हीची कुठलीही सेटिंग फिरवून ते बरं होणार नाही.

केवडा

आणि आयफोनच्या क्लिप? त्याही फिकट वाटतात, पण पडवीकरांइतक्या नाहीत.

सुरंगी

आयफोन एचएलजी पद्धतीने रेकॉर्ड करतो, `ffprobe` मध्ये `arib-std-b67` दिसेल. ती पद्धत बीबीसी आणि एनएचके यांनी प्रसारणासाठी बांधली, साध्या टीव्हीवरही चित्र बघण्याजोगं राहावं म्हणून. त्यामुळे चुकीची वाचली गेली तरी ती थोडी उतरलेली दिसते, पीक्यूसारखी राख होत नाही.

पडवीकर

सुरंगीताई, `mpv` घातला आणि काही न बदलता तीच फाइल लावली. लॅपटॉपच्या स्क्रीनवर वाळू एकदम सोनेरी! पिल्लाच्या पाठीवरचे पाण्याचे थेंब वेगवेगळे दिसतात. टीव्हीवरही चांगलं आहे, पण आता तो एचडीआरचा शिक्का येत नाही. विंडोजमध्ये `Settings > System > Display` इथे बघितलं तर एचडीआरचा खटका चालूच करता येत नाही, टीव्हीला जमत नाही असं सांगतो. टीव्हीवर तर एचडीआर लिहिलंय.

सुरंगी

ते टीव्हीच्या पोर्टचं आहे. बरेच टीव्ही कारखान्यातून येताना एचडीएमआय पोर्ट जुन्या, सुरक्षित पद्धतीवर ठेवलेले असतात, म्हणजे जुनी यंत्रंही चालावीत. ज्या पोर्टला लॅपटॉप आहे त्याची सेटिंग उघडा. एलजीत ते `HDMI Ultra HD Deep Colour` नावाने असतं, सॅमसंगमध्ये `Input Signal Plus`, सोनीत `HDMI signal format` मध्ये Enhanced. प्रत्येक पोर्टला वेगळं चालू करावं लागतं. केल्यावर टीव्ही क्षणभर काळा होईल, घाबरू नका.

केबलची कसोटी आता लागेल, खाडीपल्याड. फोर-के एचडीआरला जुन्या पातळ केबलमधून मार्ग पुरत नाही. ठिपके किंवा काळे झटके आले तर केबल बदला, आणि त्या पिनाही पुसून घ्या.

पडवीकर

झालं! पोर्टची सेटिंग बदलली, खटका आला, शिक्काही आला. पण आता डेस्कटॉप उतरलेला दिसतो. फोल्डर, ब्राउझर, सगळंच. हे काय नवीन?

हापूसवाला

हे मला माहीत आहे. त्याच पानावर HDR वर टिचकी मारलीत की आत `SDR content brightness` ची पट्टी आहे. ती उजवीकडे न्या. विंडोज साध्या गोष्टी एचडीआरच्या मापात बसवून दाखवतं आणि सुरुवातीला फार खाली ठेवतं. मी तर सिनेमा संपला की `Win + Alt + B` दाबून एचडीआर बंदच करतो.

सुरंगी

बरोबर. कायम चालू ठेवायची गरज नाही.

आता काळोखाचं. पडवीकरदादा, तीन गोष्टी सांगा. टीव्ही दुपारी बघता की रात्री? पडवीला ऊन थेट येतं का? आणि एचडीआर सिनेमा *चालू असताना* मेनू उघडून पिक्चर मोड कुठला दिसतो, वीजबचतीचं काय आहे?

पडवीकर

पडवी पश्चिमेला उघडी आहे, समोर खळं. दुपारी तीननंतर ऊन थेट लाद्यांवर येतं. पाहुणे दोन्ही वेळा बघतात. सिनेमा चालू असताना मोड "सिनेमा" दिसतो, मी तर टीव्हीवर "व्हिव्हिड" लावून ठेवलंय! वीजबचत "मध्यम" आहे, आणि खोलीच्या उजेडाचा सेन्सर चालू.

सुरंगी

अपेक्षित होतं. टीव्ही साध्या चित्राची आणि एचडीआरची सेटिंग वेगवेगळी लक्षात ठेवतो. तुम्ही बातम्या बघताना लावलेलं व्हिव्हिड एचडीआरला लागूच नाही. म्हणून एचडीआर चालू असतानाच बदलायचं. पहिलं, वीजबचत पूर्ण बंद. एचडीआरला पॅनलचा सगळा जोर लागतो आणि बचत नेमका तोच कापते. दुसरं, सेन्सर बंद करून बघा, पडवीत तो कुठे बसलाय त्यावर त्याचा अंदाज चुकतो. (डॉल्बी व्हिजन आयक्यू असलेल्या टीव्हीत मात्र त्या मोडला हाच सेन्सर लागतो, तुमच्याकडे ते दिसत नाही.) तिसरं, एचडीआरमध्ये बॅकलाइट आणि कॉन्ट्रास्ट आधीच टोकाला आहेत का बघा. चौथं, डायनॅमिक टोन मॅपिंग असेल तर चालू करा.

आणि हापूसवाले, बॅकलाइट वाढवा हा सल्ला साध्या चित्राला लागू पडतो. एचडीआरमध्ये तो बहुधा आधीच शंभरावर असतो, वाढवायला उरतंच काय.

पिंपळपार

डायनॅमिक टोन मॅपिंगला माझा विरोध आहे. चिपळूणला माझ्याकडे ओएलईडी आहे. ते चालू असलं की एकाच प्रसंगात मेणबत्ती आली की भिंत उजळते, गेली की मंदावते. दिग्दर्शकाने जे काळं ठेवलंय ते काळंच दिसायला हवं. मी फिल्ममेकर मोडवर बघतो, सगळे दिवे बंद करून.

सुरंगी

तुमच्या अंधाऱ्या खोलीत, ओएलईडीवर, तुम्ही करता तेच योग्य. पडवीत दुपारी चारला ते जमणार नाही.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. साधा व्हिडिओ स्टुडिओत 100 निट्सच्या पांढऱ्यावर तयार होतो. पडवीकरांचा टीव्ही व्हिव्हिडमध्ये तोच पांढरा, समजा, 300 निट्सवर फेकतो. म्हणजे बातम्यांतला निवेदक मूळच्या तिप्पट उजळ दिसतो आणि आपल्या डोळ्याला तीच सवय लागते. एचडीआरमध्ये चेहऱ्याचा उजेड फाइलमध्येच नेमून दिलेला असतो. टीव्ही तो तिथेच ठेवतो, तिप्पट करत नाही. त्यातून सिनेमातली चमक 1,000 किंवा 4,000 निट्सच्या मॉनिटरवर बघून ठरवलेली असली आणि पॅनल 300 चं असलं, तर वरची चमक आत बसवायला काही टीव्ही सगळं चित्रच खाली ओढतात. म्हणून त्याच पडद्यावर एचडीआर साध्यापेक्षा काळोखं. पॅनल खराब नाही, पॅनल लहान पडतं.

पडवीकर

वीजबचत आणि सेन्सर बंद केलं, टोन मॅपिंग चालू केलं. फरक मोठा आहे, वीजबचतीनेच सर्वांत जास्त पडला. रात्री जेवणानंतर सगळ्यांनी सिनेमा बघितला, कोणी काही बोललं नाही. होडीतला रात्रीचा प्रसंग होता, वल्ही मारणाऱ्याचा हात आणि मागचं पाणी दोन्ही दिसलं. आधी नुसता कंदील दिसायचा.

पण दुपारी तीननंतर परत तेच. बांबूची चिक सोडली की बरं, पण वारा अडतो आणि पाहुणे चिक वर करतात.

सुरंगी

मग दुपारी एचडीआरच्या मागे लागू नका. फोनच्या क्लिपांसाठी विंडोजचा एचडीआर बंद ठेवा आणि `mpv` ला दाबून द्यायला सांगा. टीव्हीला साधं चित्र मिळेल आणि तो ते व्हिव्हिडमध्ये हवं तेवढं उजळवेल. `mpv.conf` मध्ये एवढं पुरे:

```
vo=gpu-next
tone-mapping=bt.2390
hdr-compute-peak=yes
target-colorspace-hint=no
```

`hdr-compute-peak` प्रत्येक प्रसंगातली खरी चमक मोजतो. लॅपटॉप जुना असून चित्र अडखळलं तर ती ओळ `no` करा. रात्री एचडीआर हवा असेल तेव्हा शेवटची ओळ `yes` करून विंडोजचा खटका चालू करा. चित्र चालू असताना `i` दाबलंत की आत काय येतंय आणि बाहेर काय जातंय ते दिसतं. तिथे आत `pq` आणि बाहेरही `pq` दिसलं तर टीव्ही दाबतोय, बाहेर दुसरं काही दिसलं तर प्लेअर.

ओटीटीचं अवघड आहे. टीव्हीतल्या बऱ्याच अ‍ॅपमध्ये एचडीआर नको म्हणायची सोय नसते. बाहेरचा स्ट्रीमिंग बॉक्स असेल तर त्याचं आउटपुट साध्यावर ठेवता येतं. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये एचडीआर बंद ठेवून लावलं तर साधी आवृत्ती येते, मात्र बऱ्याच ठिकाणी फोर-के मिळत नाही.

पिंपळपार

हे मान्य. दुपारच्या उन्हात मीही साधंच बघेन. तरी मेणबत्तीच्या प्रसंगाचं माझं म्हणणं कायम आहे, रात्री पडवीकरांनी एकदा टोन मॅपिंग बंद करून तो होडीचा प्रसंग बघावा.

खाडीपल्याड

माका एक सांगा, ताई. पाहुण्याच्या फोनवर तोच व्हिडिओ भर उन्हात, किनाऱ्यावरसुद्धा चांगला दिसला. एवढासा फोन आणि 55 इंची टीव्ही, मग फोन पुढे कसा?

सुरंगी

चांगल्या फोनचा ओएलईडी पडदा उन्हात 1,000 निट्सच्या वर जातो. लहान पडद्याला तेवढा उजेड देणं परवडतं. शिवाय फोन बाहेरचा उजेड बघून एचडीआरलाही वर ढकलतो, टीव्हीइतका तो नेमलेल्या आकड्याला धरून बसत नाही.

पडवीकर

दुपारसाठी सांगितल्याप्रमाणे `mpv` लावला. चिक वर असतानाही कासवांचा व्हिडिओ दिसतो, उन्हात आकाश थोडं सपाट वाटतं पण वाळू आणि पिल्लं स्वच्छ. `i` दाबल्यावर आत `pq`, बाहेर नाही.

पिंपळपार, होडीचा प्रसंग दोन्ही प्रकारे बघितला. टोन मॅपिंग बंद केल्यावर कंदिलाची ज्योत जास्त चांगली, आत पिवळा-नारिंगी फरक कळतो. पण वल्ह्यावरचा हात जवळजवळ जातो. घरात मतं दोन झाली, आईला ज्योत हवी आणि मला हात. तूर्त चालू ठेवलंय.

आता एक राहिलं. त्याच पाहुण्याने दुसरी क्लिप पाठवली, फोनवरच्याच कुठल्याशा अ‍ॅपमध्ये कापून. ती `mpv` मध्येही फिकट आहे. `ffprobe` म्हणतो `yuv420p10le`, पण `color_transfer=unknown`.

सुरंगी

कापताना अ‍ॅपने खूण टाकून दिली. दहा बिटांची फाइल आणि खूण नाही, म्हणजे `mpv` ला ती साधीच वाटते. मूळ फाइल मिळाली तर तीच मागा. नसेल तर एवढं करून बघा:

```
mpv --vf=format=gamma=pq:primaries=bt.2020:colormatrix=bt.2020-ncl kapleli.mp4
```

याने वाळू परत सोनेरी झाली तर आत पीक्यूच आहे. चित्र भलतंच झगझगीत किंवा काळं-पांढरं तुटलेलं दिसलं, तर त्या अ‍ॅपने रंग आधीच बदललेत किंवा ते एचएलजी आहे. मग `gamma=hlg` लावून बघा. काय दिसलं ते लिहा, त्यावरून पुढचं ठरवू.

केवडा

माझ्या हिरव्या-जांभळ्या फाइलला `gpu-next` चाललं. चेहरे माणसांसारखे झाले. टीव्हीत मात्र यूएसबीवरून ती अजून उघडतच नाही, त्यावर कोणाकडे काही असेल तर सांगा.